दोन तारखांमधला रविवार

सांगलीत ग्रिल आणि गेटची कामे करणारा एक वर्कशॉपवाला. शनिवारी, 6 डिसेंबर 2025 रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याने गिऱ्हाइकाकडून आलेला साठ हजारांचा चेक बँकेत भरला. शाखा बंद होत आली होती, पण ओळखीच्या क्लार्कने चेक ठेवून घेतला आणि नोंद करून टाकली. खात्यात आधीचे 11,240 रुपये होते. घरी जाताना त्याने मोबाइलवर पाहिले, शिल्लक 71,240. दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, मशीनच्या कर्जाचा 18,500 रुपयांचा हप्ता जाणार होता. शिल्लक पाहून तो निर्धास्त झाला.

सोमवारी सकाळी मेसेज आला: हप्ता परत गेला. बँकेने परतीचा दंड लावला होता आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड वेगळा येणार होता. शाखेत जाऊन तो रागाने म्हणाला, "साहेब, एकाहत्तर हजार शिल्लक असताना साडेअठरा हजारांचा हप्ता परत जातोच कसा?" समोरच्या अधिकाऱ्याने स्टेटमेंटचा कागद काढला आणि पेनाने एकाच रकान्यावर रेघ मारली. तो भाग असा होता.

```
Date      Value Dt  Narration              Debit     Credit     Balance
06-12-25  08-12-25  BY CLG CHQ 004512                60,000.00  71,240.00
07-12-25  07-12-25  ACH D RTN CHG 071225   500.00               70,740.00
07-12-25  07-12-25  GST ON CHG              90.00               70,650.00
08-12-25  07-12-25  IMPS/534123004417    4,000.00               66,650.00
```

पहिल्या ओळीत दोन तारखा आहेत, 06 आणि 08. हप्ता परत का गेला, याचे उत्तर त्या दोन तारखांमध्ये आहे.

पहिली तारीख व्यवहाराची, म्हणजे बँकेच्या खातेवहीत नोंद ज्या दिवशी पडली त्या दिवसाची. दुसरी, `Value Dt` किंवा `Value Date`, म्हणजे तो पैसा ज्या दिवसापासून खरोखर खातेदाराचा धरला जातो ती तारीख. व्याज मोजायचे ते हिच्यापासून. रोखीने पैसे भरले किंवा दिवसा ऑनलाइन पैसे आले, तर दोन्ही तारखा एकच असतात. त्यामुळे वर्षानुवर्षे स्टेटमेंट पाहणाऱ्यांचेही या रकान्याकडे लक्ष जात नाही. काही बँकांच्या पासबुकात तर तो छापलेलाच नसतो. पीडीएफ स्टेटमेंट काढल्यावरच दिसतो, आणि तोही बँकेगणिक वेगळ्या जागी. कुठे नोंदीच्या तारखेशेजारी, कुठे चेक क्रमांकानंतर, तर कुठे चक्क पहिल्याच रकान्यात.

चेकच्या बाबतीत मात्र या तारखा फाकतात, कारण चेक म्हणजे पैसा नव्हे. तो दुसऱ्या बँकेला दिलेला आदेश आहे. त्या बँकेने होकार देईपर्यंत रक्कम आपल्या खात्यात आली असे म्हणता येत नाही. काही बँका चेक पास झाल्यावरच खात्यात नोंद करतात. काही ठिकाणी चेक भरताच नोंद पडते, शिल्लकही फुगलेली दिसते, पण संगणकाच्या आत ती रक्कम "अनक्लिअर्ड" म्हणून बाजूला ठेवलेली असते. सांगलीच्या खात्यात नेमके हेच झाले होते. छापलेली शिल्लक एकाहत्तर हजार, वापरता येण्याजोगी अकरा हजार. मोबाइल ॲपमध्ये बहुधा `Available Balance` नावाचा आकडा वेगळा दाखवतात. शनिवारी त्याने तो पाहिला असता तर रविवारचा घोटाळा कळला असता, कारण चेक पास होईपर्यंत तिथे साठ हजारांची भर पडत नाही.

आता चेक शनिवारीच पास का झाला नाही? 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने चेकच्या क्लिअरिंगची पद्धत बदलली आहे. पूर्वी चेकच्या प्रतिमा गठ्ठ्याने जात आणि पैसे यायला दुसरा दिवस उजाडे. नव्या पद्धतीत चेक स्कॅन होऊन लगोलग पुढे जातात, आणि डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला त्यासाठी सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ होती. ज्या बँकेवर चेक काढला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. नाही कळवला तर होकार धरला जातो. म्हणजे त्याच शनिवारी दुपारी बारा वाजता चेक भरला असता तर बहुतेक संध्याकाळपर्यंत पैसे मोकळे झाले असते. पण चारची वेळ टळली होती. दुसरा दिवस रविवार, त्या दिवशी चेकचे क्लिअरिंग नाही. म्हणून चेक गेला सोमवारी, आणि `Value Dt` लागली आठ तारीख.

हप्ता मात्र रविवारीच आला. पहिली नीट लक्षात ठेवायची गोष्ट ही आहे. हप्ते, विम्याचे प्रीमियम, एसआयपी यांची कपात ज्या व्यवस्थेतून होते ती नाच, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची एनएसीएच. 1 ऑगस्ट 2021 पासून ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. त्याआधी सात तारीख रविवारी आली की हप्ता आपोआप सोमवारवर जायचा, आणि त्या सवयीने लोक आजही हिशेब करतात. काही कंपन्या अजूनही हप्ता कामाच्या दिवशीच पाठवतात, पण त्यावर विसंबता येत नाही. पैसे काढणारी व्यवस्था सातही दिवस जागी आणि चेकमधून पैसे आणणारी रविवारी झोपलेली. दोन तारखांमध्ये सापडलेल्या या रविवारीच साडेअठरा हजारांचा हप्ता अकरा हजारांच्या खऱ्या शिलकीवर आदळला.

हाच प्रकार चेक देणाऱ्याच्या बाजूनेही घडतो. आपण चेक फाडून दिला, खात्यात रक्कम दिसते आहे, पण ती दुसऱ्या न वटलेल्या चेकची आहे. तेव्हा चेक परत येताना सोबतच्या कागदावर कारणाचा क्रमांक असतो. 01 म्हणजे पैसे अपुरे. पण 03 असेल तर इंग्रजीत छापलेले असते, `Effects not cleared, present again`. म्हणजे पैसे वाटेत आहेत, अजून वटलेले नाहीत, पुन्हा भरा. चेक परत आला की माणूस आधी समोरच्याला बुडवा ठरवतो. 03 पाहिल्यावर निदान एवढे कळते की त्याच्या खात्यातला पैसा अजून दोन तारखांच्या मध्येच होता.

उरलेल्या ओळी वाचण्याआधी `BY` या छोट्या शब्दाबद्दल थोडे. जुन्या इंग्रजी खातेवहीत नावे बाजूच्या नोंदी `To` ने आणि जमा बाजूच्या `By` ने सुरू करायची रीत होती. पासबुकात आजही `TO TRANSFER` आणि `BY TRANSFER` छापले जाते ते त्या रीतीचे राहिलेले अवशेष. इंग्रजी अर्थ लावत बसलो तर गोंधळ होतो: "टू" म्हणजे कुणाला, "बाय" म्हणजे कुणाकडून, असे वाटू लागते. सोपे वाचन एवढेच, `TO` दिसले की नावे, पैसे गेले. `BY` दिसले की जमा, पैसे आले. `CLG` म्हणजे क्लिअरिंग. मग `BY CLG CHQ 004512` चा अर्थ सरळ होतो: चेक क्रमांक 004512 क्लिअरिंगमधून जमा.

दुसऱ्या ओळीतले `ACH D` म्हणजे नाचमधून झालेली कपात, `D` म्हणजे डेबिट. याच ठिकाणी `ACH C` असेल तर पैसे आलेले असतात. शेअरचा लाभांश बहुधा असाच येतो. `RTN` म्हणजे रिटर्न, परत गेलेले, आणि `CHG` म्हणजे आकार. शेवटचा 071225 हा आकडा व्यवहार क्रमांक नसून तारीख आहे, 07-12-25, ज्या दिवशी हप्ता परत गेला तो दिवस. दंडाची रक्कम दर बँकेची वेगळी. इथे ती पाचशे होती, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे नव्वद. काही स्टेटमेंटमध्ये परत गेलेला हप्ताही दिसतो: एकाच रकमेची एक नावे आणि लगेच एक जमा अशी जोडी. ती जोडी पाहून "पैसे कापले आणि परत आले, म्हणजे काहीतरी तांत्रिक बिघाड" असे समजून लोक गप्प बसतात. तो बिघाड नसतो. तो न गेलेला हप्ता असतो, आणि पुढच्या महिन्यात कर्जाच्या खात्यावर आणि क्रेडिट अहवालावर त्याची खूण उमटू शकते.

चौथी ओळ वाचताना मात्र वर्कशॉपवाला पुन्हा दचकला. सोमवारी, आठ तारखेला, त्याने चार हजार कुणालाच पाठवले नव्हते. इथे तारखांची गंमत उलटी आहे. नोंद आठची, व्हॅल्यू डेट सातची. रविवारी रात्री बारा वाजायला आले असताना त्याने मुलीच्या क्लासची फी पाठवली होती. त्या वेळी बँकेचा संगणक दिवसभराचा हिशेब मिटवून नवा दिवस उघडण्याच्या कामात असतो. पैसे तत्काळ जातात, पण खातेवहीतली नोंद नव्या तारखेत पडते.

याचा पुरावा ओळीतच आहे. आयएमपीएसचा बारा आकडी क्रमांक साधारणपणे असा बांधलेला असतो: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 534123004417 मधला 5 म्हणजे 2025, आणि 341 म्हणजे वर्षाचा तीनशे एकेचाळिसावा दिवस. नोव्हेंबर संपेपर्यंत 334 दिवस होतात, त्यात सात मिळवले की 341. म्हणजे सात डिसेंबर, रविवार. बऱ्याच यूपीआय व्यवहारांचे क्रमांकही असेच असतात, पण सगळ्यांचे नाहीत. तेव्हा हा आठवण जागी करण्याचा उपाय समजावा, भांडणात पुढे करण्याचा पुरावा नव्हे. आरटीजीएसचे मात्र पक्के असते. त्याचा यूटीआर क्रमांक बावीस अक्षरांचा, आणि त्यात तारीख उघड लिहिलेली.

```
ABCDR52025120800123456
```

पहिली चार अक्षरे पैसे पाठवणाऱ्या बँकेची, आयएफएससीच्या सुरुवातीला असतात तीच. मग आरटीजीएसचा `R`, मग व्यवहार कोणत्या मार्गाने आला त्याची खूण, मग 20251208, म्हणजे 8 डिसेंबर 2025, आणि शेवटी त्या दिवसातला अनुक्रमांक. "मी आठलाच पाठवले" असे समोरची पार्टी म्हणत असेल तर यूटीआर मागून घ्यावा. त्यातल्या तारखेवरून वाद तिथेच मिटतो.

या दोन तारखांचा व्याजावर किती परिणाम होतो? बचत खातेदाराने त्याची फार धास्ती घेऊ नये. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंतची जी सर्वांत कमी शिलकी असेल तिच्यावर व्याज मिळे. घरातली वडीलधारी मंडळी "दहाच्या आत पैसे भर" म्हणतात ते त्या दिवसांपासून. आजच्या हिशेबाने साठ हजारांवर अडीच टक्के दराने दोन दिवसांचे व्याज 8 रुपये 22 पैसे होते. वर्कशॉपवाल्याचे नुकसान व्याजात झाले नाही, 590 रुपयांच्या दंडात झाले.

पण ज्याचे कॅश क्रेडिट खाते आहे त्याने हा रकाना रोज पाहावा. समजा एका व्यापाऱ्याने 11 टक्के दराच्या कॅश क्रेडिटमध्ये शनिवारी उशिरा चार लाखांचा चेक भरला. नोंद शनिवारची, व्हॅल्यू डेट सोमवारची. तो समजतो शनिवारीच चार लाखांनी उचल कमी झाली. बँक शनिवार आणि रविवार हे दोन्ही दिवस त्या चार लाखांवर व्याज लावते. दिवसाला 120 रुपये 55 पैसे, दोन दिवसांचे 241 रुपये. महिन्यातून असे चारपाच चेक पडले तर हजार-बाराशेचा फरक पडतो, आणि महिनाअखेरीस स्वतःच्या वहीतले व्याज बँकेच्या व्याजाशी जुळत नाही. मुनीम तासन् तास बेरजा तपासतो. चूक बेरजेत नसतेच. वहीत नोंदीची तारीख धरलेली असते, बँकेने व्हॅल्यू डेट धरलेली असते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत बँकेचे काही चुकले नव्हते. चूक बँकेची असेल तेव्हा हीच तारीख खातेदाराच्या बाजूने उभी राहते, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. कुणीतरी खात्यातून फसवून पैसे काढले, तर 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार तक्रार मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत दाखवायची असते. आणि ती जमा करताना व्हॅल्यू डेट ज्या दिवशी फसवणूक झाली त्या दिवसाची द्यायची असते. म्हणजे नोंद 20 तारखेला पडली तरी `Value Dt` खाली 9 तारीख हवी, जेणेकरून मधल्या दिवसांचे व्याज बुडणार नाही. पैसे परत आले या आनंदात हा रकाना कुणी पाहत नाही. तो पाहावा, आणि तारीख नोंदीचीच लागली असेल तर लेखी विचारावे. त्याच परिपत्रकात तक्रारीच्या मुदतीचेही आहे: दोष ना बँकेचा ना खातेदाराचा, तिसऱ्याच कुणाचा असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच जबाबदारी येत नाही, चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित येते. अनोळखी ओळीकडे "पुढच्या आठवड्यात विचारू" म्हणून पाहणे म्हणूनच महाग पडते.

ओळ अनोळखी का वाटते, हा त्याच्या पुढचा प्रश्न. नॅरेशनची लांबी संगणकात ठरलेली, त्यामुळे नाव मध्येच तुटते. एका बँकेत एटीएममधून काढलेले पैसे `ATW`, दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून काढले तर `NWD`. तिसऱ्या बँकेत त्यालाच `NFS` म्हणतात. आयएमपीएसला एका ठिकाणी `IMPS`, दुसऱ्या ठिकाणी `MMT`. सगळ्या बँकांना एकच कोश लागू नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या बँकेचा अर्थ आपल्या स्टेटमेंटला लावू नये. बऱ्याच बँका पीडीएफच्या शेवटच्या पानावर आपल्या खुणांची यादी देतात. लोक नेमके तेच पान छापत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस बँकेत येणाऱ्या तक्रारी तर ठरलेल्या: `PMSBY` नावाने 20 रुपये आणि `PMJJBY` नावाने 436 रुपये गेले, हे काय? पहिला पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा, दुसरा जीवन ज्योती योजनेचा आयुर्विमा. दोन्हींचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि हप्ता त्याआधी कापला जातो. विमा कधीतरी फॉर्मवर सही करून घेतलेला असतो आणि विसरलेला असतो. वाईट वाटते ते याचे, की खातेदार गेल्यावर घरच्यांनी पासबुकातली 436 ची ओळ वाचली असती तर दोन लाखांचा दावा करता आला असता.

नॅरेशन समजण्याजोगे असावे ही खातेदाराची नुसती अपेक्षा नाही, बँकेवर तसे बंधन आहे. 22 जून 2017 रोजी रिझर्व्ह बँकेने पासबुकात आणि स्टेटमेंटमध्ये कमीत कमी काय लिहावे हे सांगितले. पैसे दुसऱ्याला गेले असतील तर कुणाला आणि कोणत्या मार्गाने. आकार कापला असेल तर कशाचा आणि का. कर्जाचा हप्ता असेल तर कोणत्या कर्जखात्याचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, चुकीची नोंद उलटवली असेल तर मूळ नोंद कोणत्या तारखेची होती आणि ती का उलटवली. नुसते `REV` किंवा `CHARGES` एवढेच छापलेले असेल तर शाखेत जाऊन "या ओळीचा तपशील द्या" म्हणणे ही विनवणी नव्हे.

सांगलीच्या खात्यात मात्र मागण्यासारखे काही नव्हते. दंडाच्या ओळीत तारीख होती, कारण होते, व्हॅल्यू डेट बरोबर होती. वर्कशॉपवाल्याने सोमवारी दुपारी, चेक पास झाल्यावर, कर्जाचा हप्ता कंपनीला ऑनलाइन भरला आणि त्याची पावती फाइलला लावली. मग दुकानातले नव्या वर्षाचे कॅलेंडर काढून सात तारीख पुन्हा रविवारी कधी येते ते पान उलटत पाहिले. जानेवारीत बुधवार, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये शनिवार, एप्रिलमध्ये मंगळवार, मेमध्ये गुरुवार. जूनमध्ये रविवार. त्याने 7 जूनवर काहीच केले नाही. 5 जूनच्या शुक्रवारला पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी लिहिले, "चेक दुपारी बाराच्या आत."